पायी घरी परतलेल्या कामगाराबद्दल, एका झिजलेल्या चपलेवरून लिहिताना

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागू झाली. गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी, पुणे, गोवा अशा ठिकाणी कामाला असलेली बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरीकडची माणसं पुढच्या आठवड्यांत मिळेल त्या वाटेनं गावाकडं निघाली. एसटी बंद, केएसआरटीसी बंद, वडाप बंद. त्यामुळं कित्येकजण चालत निघाले. कोणी हायवेनं, कोणी शेतवाटांनी, कोणी चोर्ला घाट उतरून-चढून.

त्या चालण्याबद्दल आपल्या भागात अजूनही लिहिलं जातं: दिवाळी अंकात, रविवारच्या पुरवणीत, साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेत, कॉलेजच्या वार्षिकात. आणि लिहायला बसलं की नजर पायांकडं जाते. झिजलेली चप्पल हे चांगलं साधन आहे, कारण ती हातात घेऊन बघता येते आणि तिच्यावरून प्रश्न विचारता येतात. पण बहुतेक लेखांत ती साधन म्हणून येतच नाही. ती येते ती वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायला. चप्पल तुटली, पाय रक्ताळले, लेख संपला. माणूस कोण होता, काय काम करायचा, त्याला पगार कुणी दिला नाही, हे काही कळत नाही.

म्हणून इथं मी एकाच प्रकारचं लेखन घेतो: एक माणूस, त्यानं घातलेली एक चप्पल, त्यानं केलेली एक वाट, आणि साधारण हजार-बाराशे शब्दांचा खरा, छापण्याजोगा लेख. समजावण्यासाठी मी एक उदाहरण रचलं आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावचे चाळिशीतले गृहस्थ. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत हेल्पर. एप्रिल 2020 मध्ये ते कागलहून घरापर्यंत चालत आले. हे गृहस्थ काल्पनिक आहेत आणि ते इथंच सांगितलं आहे. तुमच्या लेखात मात्र असं करायचं नाही. चार माणसांच्या हकिकती जोडून एक माणूस उभा करायचा आणि तो खरा म्हणून छापायचा, ही त्या चौघांचीही फसवणूक आहे. रचायचंच असेल तर कथा लिहा आणि वर 'कथा' असं छापा.

आधी माणूस, मग चप्पल

पहिल्या भेटीत चपलेचा विषय काढू नका. ज्या माणसाकडं तुम्ही जाताय त्यांना तुम्ही कोण, कुठं लिहिता, लेख कुठं येणार, त्याचे पैसे मिळणार की नाही, हे स्पष्ट सांगा. नाव छापलं तर काय होऊ शकतं हेही तुम्हीच सांगायचं. त्यांच्या लक्षात ते येईलच असं नाही. ठेकेदार तोच असेल, तर पगार बुडवल्याचं छापून आल्यावर पुढच्या हंगामात काम मिळेल का, याचा विचार त्यांना करू द्या. नाव गाळलं तरी दोनशे उंबऱ्यांच्या गावात 'फाउंड्रीत काम करणारे, दोन मुलींचे वडील' एवढ्यावर माणूस ओळखता येतो. म्हणून नाव गाळायचं ठरलं तर गावही गाळा, फक्त तालुका ठेवा, आणि घरच्या माणसांचे तपशीलही सैल करा.

बोलणं त्यांच्या कामापासून सुरू करा. भट्टीवर होता का मोल्डिंगला? पाळी किती तासांची? खोली किती जणांत? अशा प्रश्नांना माणूस मान वर करून उत्तर देतो, कारण त्यातलं त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. 'तेव्हा कसं वाटलं?' या प्रश्नानं सुरुवात केलीत तर समोरचा एकतर गप्प होतो, नाहीतर टीव्हीवर ऐकलेली वाक्यं बोलतो.

चप्पल अजून घरात आहे का, हे दुसऱ्या भेटीत विचारा. बहुतेक घरांत ती नसते. फेकली, शेतात घालायला काढली, धाकट्यानं वापरून संपवली. तसं असेल तर 'नाही' हेच उत्तर लिहा आणि चप्पल आठवणीतून उभी करा. तिच्याऐवजी कोपऱ्यातली दुसरी कुठली जुनी चप्पल उचलून फोटो काढू नका. असेल, तर ती त्यांनी स्वतः आणून दाखवू द्या. 'हातात धरून उभे राहा' असं कुणालाही म्हणू नका. आपल्याकडं चप्पल हातात धरायला लावणं याचा अर्थ काय होतो हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला ती बघायची असेल तर विचारून तुम्ही खाली बसा. आणि ती विकत मागू नका, प्रदर्शनासाठीही नाही.

चप्पल वाचायची कशी

इथं थोडा वेळ द्या, कारण लेखाचं बळ याच पायरीत आहे.

आमच्या उदाहरणातली चप्पल साधी रबरी स्लिपर आहे: वर पांढरा थर, खाली निळा तळ, निळा पट्टा. अशा चपलेत बघायच्या जागा चार. टाच, चवड्याखालचा भाग, अंगठ्याजवळचं भोक आणि पट्टा.

टाचेत झीज सहसा मागच्या बाहेरच्या कडेला जास्त असते, कारण बहुतेक माणसांची टाच तिथं आधी टेकते. दोन्ही चपला शेजारी ठेवून बघा. एकच बाजू फार खाल्ली गेली असेल तर माणूस एका खांद्यावर ओझं घेत असेल, किंवा एका पायानं लंगडत असेल, किंवा त्याची चालच तशी असेल. चपलेवरून यातलं नक्की कुठलं ते ठरवता येत नाही. तो फक्त प्रश्न मिळाला, उत्तर माणसाकडून घ्यायचं. चवड्याखाली पांढरा थर झिजून निळा दिसायला लागला असेल तर ती बराच काळ वापरातली चप्पल आहे. अंगठ्याजवळचं भोक मोठं झालं की पुढचं बटण वर निघून येतं आणि चप्पल पायातून सुटते. उतारावर पाय पुढं सरकतो आणि सगळा ताण याच एका जागेवर येतो, म्हणून घाटात चप्पल तुटली असं कुणी सांगितलं तर ते पटण्याजोगं आहे. बटणाखाली सेफ्टी पिन, खिळा किंवा तार अडकवून केलेली दुरुस्ती नीट बघा. तार कुठली? बांधकामावर सळया बांधायची, कुंपणाची, का वायरीतली? ती कुठं मिळाली, हे सांगताना माणसाला बहुधा ती जागा आणि तिथं भेटलेली माणसंही आठवतात.

आता या साधनाची मर्यादा. झिजलेली चप्पल बघून लिहिणारा लगेच लिहितो की सव्वाशे किलोमीटरच्या वाटेनं तिची चाळण केली. तसं सहसा होत नाही. धड असलेल्या रबरी चपलेला चार दिवस चालून आरपार भोक पडत नाही. चार दिवसांत पट्टा तुटतो, भोक फाकतं, तळ उन्हानं मऊ होऊन चेपतो. आरपार भोक म्हणजे कित्येक महिन्यांची झीज. म्हणजे ती चप्पल निघतानाच संपत आली होती. मग खरा प्रश्न वेगळाच निघतो: फाउंड्रीत काम करणारा माणूस झिजलेल्या स्लिपरवर का होता?

आमच्या उदाहरणातल्या चपलेवर वरच्या थरात मुगाएवढे काळे, कडक डाग आहेत. रस्त्यावर असे डाग पडत नाहीत. वितळलेल्या लोखंडाचे थेंब उडाले की पडतात. विचारल्यावर ते सांगतात, बूट कायमच्या कामगारांना होते, ठेकेदाराच्या माणसांना नव्हते. इथं लेख पुरता बदलतो. चपलेची झीज आता हायवेपेक्षा कारखान्याबद्दल जास्त बोलते, आणि वाचकाला दयेपेक्षा ठोस असं काहीतरी मिळतं. माझं तर मत आहे की चपलेवर लिहिलेल्या लेखात नव्वद टक्के वेळा बातमी चालण्याच्या आधीच्या महिन्यांत असते. लिहिणाऱ्यानं तिथवर मागं जायला हवं.

चप्पल कोल्हापुरी असेल तर आणखी एक काळजी घ्या. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, विजयपूर आणि धारवाडही आहेत. अथणी, निपाणीकडं हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. वाटेत ती कुणी शिवून दिली असेल तर तो माणूस लेखात येईल. येऊ द्या, पण कारागीर म्हणून, त्यानं काय केलं ते सांगत: टाके नव्यानं घातले, अंगठा बदलला, पैसे घेतले का नाही घेतले. त्याची जात सांगून 'अशा माणसानं मदत केली' असा सूर लावला, तर एकाचा मान राखताना दुसऱ्याचा घालवला जातो.

वाट आणि तारखा पडताळणं

बोलताना माणूस वाट आठवणीच्या क्रमानं सांगतो, रस्त्याच्या क्रमानं नाही. म्हणून दुसऱ्या बैठकीत कागदावर एक सरळ रेघ ओढा आणि त्यांच्यासमोरच ठिकाणं लावत जा. कागल, दूधगंगेचा पूल, कोगनोळी, यमगर्णीजवळ वेदगंगा, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरी घाट, काकती, बेळगाव, खानापूर. कागल ते निपाणी साधारण वीस किलोमीटर, निपाणी ते संकेश्वर वीस-बावीस, संकेश्वर ते बेळगाव पन्नासच्या आसपास, बेळगाव ते खानापूर पंचवीस-सव्वीस. पुढं गावापर्यंतचं अंतर धरून एकूण सव्वाशेच्या पुढं जातं. रोज तीस किलोमीटर धरले तर चार-साडेचार दिवस. ते म्हणाले 'चार दिवस', तर जुळतं. ते म्हणाले 'दीड दिवस', तर एक तर मधे कुणीतरी दुधाच्या किंवा भाजीच्या गाडीत घेतलं असेल, किंवा दिवस विसरले असतील. खोडून काढल्यासारखं विचारू नका. 'मधे कुणाच्या गाडीत बसायला मिळालं का?' एवढं पुरतं. बरेचजण हे आपणहून सांगत नाहीत, कारण ऐकणाऱ्याला 'पूर्ण पायी' हवं असतं हे त्यांनी ओळखलेलं असतं. वीस किलोमीटर ट्रॅक्टरमध्ये बसून आलं म्हणून चालणं कमी होत नाही. ते लिहा.

कोगनोळीपाशी वाट बहुतेकांच्या सांगण्यात वळते. सीमेवर तपासणी होती. 29 मार्च 2020 ला केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना आदेश दिला होता की राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद ठेवा, निघालेल्यांना जवळच्या निवाऱ्यात चौदा दिवस ठेवा. त्याच आदेशात मालकांनी पगार न कापता वेळेवर द्यावा, घरमालकांनी एक महिना भाडं मागू नये, असंही होतं. हे दोन्ही भाग एकत्र लिहा. फक्त पहिला लिहिला तर माणूस आदेश मोडून निघाला एवढंच दिसतं. दोन्ही लिहिले तर कळतं की आदेशाचा जो भाग त्यांच्या बाजूचा होता तो कुणी पाळला नाही म्हणून ते निघाले. आमच्या उदाहरणातले गृहस्थ सांगतात की खोलीचं भाडं मागायला माणूस आला आणि मार्चचा पगार आला नाही. मग पुढचा प्रश्न: ठेकेदारानं गावी जायला काही दिलं का? दुसऱ्या राज्यातून ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारांसाठी 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात येण्याजाण्याच्या प्रवास भत्त्याची तरतूद होती. खानापूरचा माणूस गोकुळ शिरगावात म्हणजे राज्य ओलांडूनच कामाला असतो. तो कायदा त्यांना लागू होता का, हे भरती कशी झाली आणि ठेकेदाराकडं किती माणसं होती यावर ठरतं. म्हणून हे विचारल्याशिवाय 'कायदा मोडला' असं लिहू नका, आणि विचारायचं टाळूही नका. ठेकेदाराचं म्हणणंही घ्या. तो बोलला नाही तर 'बोलले नाहीत' असं छापा.

नाका टाळून शेतातून आल्याचं त्यांनी सांगितलं तर वाटेचे बारीक खुणेचे तपशील छापू नका. कुणाच्या उसातून आले, कुठल्या पोलिसानं डोळेझाक केली, हे लिहिलं तर ज्यांनी मदत केली तेच अडचणीत येतात. 'शेतवाटेनं, नदीच्या उताराजवळून' इतकं वाचकाला पुरेसं आहे.

तारखेसाठी फोन बघायला मागू शकता. त्या आठवड्यातला एखादा फोटो, वाटेत असताना घरून केलेल्या रिचार्जचा मेसेज, सोबत चाललेल्या माणसाची आठवण, गावच्या शाळेत क्वारंटाइन केलं असेल तर ग्रामपंचायतीतली नोंद. दोन गोष्टी जुळल्या तर तारीख लिहा. एकच असेल तर 'एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात' लिहा. मोठे आकडे जपून वापरा. वाटेत किती कामगार दगावले याची माहिती उपलब्ध नाही, असं सरकारनं सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत सांगितलं. म्हणजे लेखात कुठलाही गोल आकडा भरवशानं टाकण्याआधी तो कुणी मोजला हे सांगता यायला हवं. पावलांचे हिशेबही तसेच. सव्वाशे किलोमीटर म्हणजे दीड लाखाहून जास्त पावलं होतात खरी, पण चालणारा माणूस पावलं मोजत नाही, किलोमीटरचे दगड मोजतो. दगडांबद्दल विचारा.

'तो' की 'ते'

मराठीत मान क्रियापदातच दिसतो. आपल्या पेपरांत आमदार 'म्हणाले' आणि कामगार 'म्हणाला'. एकाच पानावर साखर कारखान्याचे चेअरमन 'आले' आणि ऊसतोड मजूर 'आला'. चाळीस वर्षांच्या गृहस्थांना तुम्ही समोर 'अहो' म्हणता, 'मामा' किंवा 'काका' म्हणता, मग छापताना 'तो' कशाला? लेखभर 'ते' ठेवा. बाई असतील तर 'त्या'. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा असेल आणि समोर तुम्ही त्याला 'अरे'च म्हणत असाल तर 'तो' चालेल.

दुसरं म्हणजे कर्ता. 'चपलेनं साथ सोडली', 'रस्त्यानं पाय गिळले', 'वाट त्याला घराकडं ओढत होती' अशा वाक्यांत सगळं काही चप्पल आणि रस्ता करतात, माणूस नुसता सोसतो. प्रत्यक्षात त्यानं ठरवलं, वाट शोधली, तार वाकवली, ऊन टाळायला दुपारी झाडाखाली झोपून रात्री चालला, सोबतच्या म्हाताऱ्यासाठी वेग कमी केला. ती क्रियापदं त्याला परत द्या. 'लोंढा', 'जथ्थे', 'बिचारे', 'हतबल', 'नियतीचा फेरा' हे शब्द पहिल्या खर्ड्यातून काढून टाका. नियतीचा फेरा लिहिला की पगार कुणी दिला नाही हा प्रश्न पुसला जातो.

बोलीचंही तसंच. बेळगाव-खानापूरकडचा माणूस म्हणाला, 'पायताण हातात घेऊन चालूलालो,' तर तसंच छापा. पुणेरी करू नका. पण त्याची बोली ठेवून सरकारी अधिकाऱ्याचं बोलणं मात्र प्रमाण मराठीत नीट करून घेऊ नका. दोघांनाही जसे बोलले तसे ठेवा. कन्नड बोलणारे कामगार असतील, गोव्याहून बागलकोट-विजयपूरकडं निघालेले पुष्कळ होते, तर दोन्ही भाषा येणारा माणूस सोबत न्या आणि अवतरण मराठीत आणल्याचं लेखात सांगा.

एक मोह आपल्याच भागाचा आहे. कोगनोळीचा नाका आला की सीमाप्रश्न लेखात शिरतो आणि चप्पल 1956 च्या राज्य पुनर्रचनेचा पुरावा होऊन बसते. सीमाप्रश्नाबद्दल माझ्याही मनात आच आहे. पण नाक्यावर अडवलेला मराठी बोलणारा कामगार आणि त्याच्या शेजारी अडवलेला कन्नड बोलणारा कामगार त्या दिवशी एकाच बॅरिकेडच्या अलीकडं उभे होते. त्यांनी स्वतः हा विषय काढला असेल तर लिहा, नसेल तर त्यांच्या तोंडी घालू नका.

लेखात चप्पल कुठं ठेवायची

हजार शब्दांत ती तीनदा आली तर भरपूर झाली. पहिल्यांदा कामाच्या ठिकाणी, दुसऱ्यांदा जिथं तुटली आणि दुरुस्त झाली तिथं, तिसऱ्यांदा आता ती कुठं आहे ते सांगताना. तिसऱ्या जागी लेख संपवू नका. कोपऱ्यात पडलेल्या चपलेवर शेवट करायची सवय इतकी झाली आहे की वाचक ते वाक्य वाचतही नाही. शेवट पगारावर करा, मार्चचा पगार अखेर मिळाला का नाही त्यावर, किंवा ते आता कुठं कामाला जातात त्यावर.

एक खर्डा घेऊ. पहिला असा आला, समजा:

'अंगार ओकणाऱ्या डांबरावर त्याच्या फाटक्या चपलेनंही अखेर हार मानली. रक्ताळलेल्या पायांनी तो बिचारा घराच्या ओढीनं चालतच राहिला.'

यात एकही गोष्ट तपासता येत नाही. कुठं, केव्हा, रक्त खरंच आलं होतं का? आमच्या गृहस्थांनी रक्ताचं नाव काढलेलं नाही. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात फोड आला एवढं सांगितलं आहे. तोच भाग आता असा लिहिता येतो:

'तवंदी घाटात उजव्या चपलेचं पुढचं बटण निघालं. ते रस्त्याकडेला बसले. तिथल्या कुंपणाची वीतभर तार त्यांनी दगडानं ठेचून तोडली, भोकातून ओवली आणि खाली पीळ दिला. "आत टोक राहिलं तर पायात घुसतंय, म्हणून वाकवून घेतलं," असं ते म्हणाले. तार ओवायचं त्यांना फाउंड्रीतही करावं लागायचं. पाळी सुरू असताना पट्टा निघाला तर बदलायला दुसरी चप्पल नसायची. संकेश्वरपर्यंत ती टिकली.'

दुसऱ्या उताऱ्यात माणूस काम करतो आहे, ठिकाण आहे, त्याचं कसब आहे, आणि कारखान्यातल्या बुटांचा प्रश्न लेखकानं न ओरडता आला आहे. फोड लिहायचा असेल तर एका वाक्यात, त्यांनी सांगितला तितकाच. जखमेवर दोनहून जास्त वाक्यं गेली तर ती कशासाठी आहेत हे स्वतःला विचारा.

फोटो

8 मे 2020 ला पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा कामगारांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. ते जालन्याहून चालत निघाले होते. रुळांवर पडलेल्या चपला आणि भाकऱ्यांचे फोटो देशभर छापले गेले. तेव्हापासून चालणाऱ्या कामगारांवरच्या कुठल्याही लेखाला चपलांचा फोटो लागतो. तुमच्या लेखासाठी ते फोटो वापरू नका. ती दुसऱ्या माणसांची, दुसऱ्या वाटेची गोष्ट आहे, आणि त्यांची घरं अजून आहेत.

स्वतः काढणार असाल तर फक्त पाय किंवा फक्त चप्पल असा फोटो तेव्हाच घ्या जेव्हा त्यांनी चेहरा न दाखवायचं ठरवलं असेल. चेहरा दाखवायला त्यांची हरकत नसेल तर बसलेले, सरळ समोर बघणारे असा फोटो घ्या आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वरून खाली काढलेल्या फोटोत माणूस लहानच दिसतो. फोटोओळीत चप्पल कुठली, कधीची, फोटो कधी काढला हे लिहा. 2020 च्या गोष्टीला आज काढलेला फोटो असेल तर तारीख टाकलीच पाहिजे.

छापण्याआधी वाचून दाखवणं

पूर्ण लेख त्यांना वाचून दाखवा. पाठवून देऊ नका, समोर बसून वाचा. घरची माणसं असतील तर त्यांच्यासमोर वाचायचं का ते आधी विचारा. वाटेत काय काय झालं हे कित्येकांनी घरात सांगितलेलं नसतं. वाचताना ते कुठं हसतात, कुठं मान हलवतात, कुठं खाली बघतात हे टिपून ठेवा. खाली बघितलं ती जागा पुन्हा विचारायची. 'हे राहू दे का काढू?' बहुतेक वेळा तो मागून खाल्ल्याचा किंवा कुणी हाकलून दिल्याचा तपशील असतो. काढा म्हणाले तर काढायचा, लेख कमकुवत झाला तरी.

ठिकाणाची, तारखेची, पैशाची चूक त्यांनी दाखवली तर लगेच दुरुस्त करा. त्यांनी स्वतःबद्दलचं मत बदलायला सांगितलं तर बदला. ठेकेदाराबद्दलची तुम्ही दोन बाजूंनी तपासलेली गोष्ट भीतीनं काढायला सांगितली, तर ती त्यांच्या नावाशिवाय, दुसऱ्या पुराव्यावर उभी राहते का बघा. राहत नसेल तर गाळा. त्यातून होणारं नुकसान त्यांना भोगावं लागणार आहे, तुम्हाला नाही.

संपादकानं मथळा बदलला तर तो छापण्याआधी मागून बघा. 'अनवाणी' हा शब्द मथळ्यात फार सहज येतो, आणि आमचे गृहस्थ तर तार ओवलेल्या चपलेवर संकेश्वरपर्यंत आले. पुढं तिथल्या एका दुकानदारानं अर्धं शटर उचलून त्यांना नवी जोडी दिली. पैसे घरी पोचल्यावर फोनवरून पाठवायचं ठरलं होतं आणि ते पाठवले गेले. हा व्यवहार लेखात ठेवा, रकमेसकट. अंक आला की दोन प्रती त्यांच्या घरी नेऊन द्या. मानधन मिळालं आणि त्यातलं काही द्यावंसं वाटलं तर ते मुलाखतीआधी कबूल करायचं नाही, छापून झाल्यावर द्यायचं, म्हणजे सांगितलेल्या गोष्टीवर पैशाची सावली पडत नाही. मुलाखतीची वही आणि ती अंतराची रेघ ओढलेला कागद जपून ठेवा. कुणी शंका घेतली तर उत्तर तुम्ही द्यायचं, त्या कामगाराला पुन्हा साक्षीला उभं करायचं नाही.